राहत्या घराला 150, बंद घराला 2880: एका वीजबिलाची उकल

माझ्या भाचीने बदलापूरला वन बीएचके घेतला. 2024 च्या गुढीपाडव्याला ती आणि जावईबापू राहायला गेले. फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर आणि एप्रिलच्या उकाड्यात रात्रभर एसी, असं सगळं सुरू झालं. मे महिन्यात पहिलं बिल आलं 150 रुपयांचं. तिने आनंदाने फोन केला, "मामा, इकडे वीज फारच स्वस्त आहे!"

मी आमच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद बरीच वर्षं सांभाळलं आहे. लोक तक्रार घेऊन येतात ती जास्त बिलाची, कमी आलं म्हणून कुणी दार ठोठावत नाही. पण मला ते 150 खटकलं. आठवड्याभराने तिच्या समोरच्या फ्लॅटच्या मालकांचा तिला फोन आला. ते नोकरीनिमित्त परगावी असतात, फ्लॅटला कुलूप आहे, आणि त्यांना बिल आलं होतं 2880 रुपयांचं. बंद घरात वीज जाळली कुणी?

ही दोन्ही बिलं शेजारी शेजारी ठेवली की घरगुती वीजबिलातली जवळजवळ प्रत्येक ओळ समजते. म्हणून तीच दोन घेऊन बसू. दर महावितरणचे, 2024-25 या आर्थिक वर्षातले आहेत. हे दर महावितरण स्वतः ठरवत नाही, महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो, आणि ते बदलत राहतात. तुमच्या बिलावर आज वेगळे आकडे असतील, हिशेबाची रीत मात्र हीच. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटाची वीज असेल तर त्यांचे दर निराळे. भांडुप-मुलुंड मात्र मुंबईत असूनही महावितरणकडे आहेत.

आधी युनिट म्हणजे काय

एक हजार वॉटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. शंभर वॉटचा दिवा असेल तर दहा तासांनी एक युनिट. मीटरच्या पडद्यावर हेच kWh या अक्षरांपुढे दिसतं. पडद्यावर आकडे सारखे बदलत असतात: तारीख, वेळ, व्होल्टेज, आणखी काही. नवखा माणूस नेमका भलताच आकडा टिपतो आणि "रीडिंग चुकलं" म्हणून भांडायला जातो. kWh दिसेपर्यंत थांबायचं आणि दशांशचिन्हाच्या आधीचा आकडा घ्यायचा.

हा आकडा कधीच शून्यावर येत नाही, तो गाडीच्या किलोमीटरसारखा वाढतच जातो. बिलात 'चालू रीडिंग' आणि 'मागील रीडिंग' अशा दोन संख्या असतात, त्यांची वजाबाकी म्हणजे त्या काळात वापरलेले युनिट. शेजारी 'गुणक अवयव' असा घाबरवणारा शब्द आहे. मोठ्या जोडण्यांना मीटरमधला आकडा कशाने तरी गुणावा लागतो, त्यासाठी तो आहे. घरगुती मीटरला तो 1 असतो. 1 आहे ना एवढं पाहायचं आणि पुढे जायचं.

समोरच्या बंद फ्लॅटच्या बिलावर मागील रीडिंग 31 होतं आणि चालू 278. वजाबाकी 247 युनिट. भाचीच्या बिलावर मागील 4, चालू 4. वापर शून्य.

शून्य युनिटचे 150 रुपये कसे?

इथे पहिला प्रश्न येतो. एकही युनिट वापरलं नाही तर पैसे कसले?

मंगल कार्यालय आठवा. कार्यालयाचं भाडं वेगळं आणि जेवणाच्या ताटाचा दर वेगळा. पाहुणे दोनशे आले काय आणि वीस आले काय, भाडं तेवढंच. कारण तो दिवस तुमच्यासाठी राखून ठेवलेला असतो. वीजबिलातला 'स्थिर आकार' म्हणजे हे भाडं. तुम्ही रात्री दोन वाजता बटण दाबाल तेव्हा दिवा लागायला हवा, त्यासाठी खांब, तारा, रोहित्र, मीटर आणि दुरुस्तीची माणसं तुम्ही घरी नसतानाही ठेवावीच लागतात. त्या वर्षी सिंगल फेज घरगुती जोडणीला महिन्याला 128 रुपये स्थिर आकार होता.

त्यावर 16 टक्के वीज शुल्क. हे महावितरणचं नाही, राज्य सरकारचं आहे. 128 चे 16 टक्के म्हणजे 20 रुपये 48 पैसे, बेरीज 148 रुपये 48 पैसे. महावितरण बिल जवळच्या दहा रुपयांना पूर्ण करतं आणि राहिलेला फरक पुढच्या बिलात ओढतं, म्हणून 150. बिलावर याला 'पूर्णांक देयक' म्हणतात.

तर भाचीला आलेलं बिल हे वीज स्वस्त असल्याचं नव्हतंच. ते कुलूपबंद घराचं बिल होतं, अगदी पैशापर्यंत. तुम्ही ताबा घेऊन अजून राहायला गेला नसाल तर तुमचं बिलही याच घराण्यातलं असेल, आणि ते भरायला हवं. "घर बंद आहे, बिल कशाला भरू" म्हणणाऱ्यांची थकबाकी साचत जाते, त्यावर व्याज चढतं आणि राहायला जायच्या दिवशी वीज तोडलेली सापडते.

एक गोष्ट नव्या घरमालकाने पहिल्याच बिलावर बघावी: जोडणी सिंगल फेज आहे की थ्री फेज. थ्री फेजचा स्थिर आकार त्याच वर्षी महिन्याला चारशेच्या वर होता. काही बिल्डर सरसकट सगळ्यांना थ्री फेज घेऊन देतात. तीन-चार एसी आणि मोठी मोटर असलेल्या घराला त्याची गरज पडते. एका एसीच्या वन बीएचकेला पडत नाही, आणि वापर काहीही असला तरी तो फरक दर महिन्याला जात राहतो.

247 युनिटचे 2880 कसे झाले?

आता दुसरं बिल. यात दर एकच नाही, पायऱ्या आहेत. यांनाच स्लॅब म्हणतात. पहिल्या 100 युनिटना 4 रुपये 71 पैसे, 101 ते 300 ना 10 रुपये 29 पैसे, 301 ते 500 ना 14 रुपये 55 पैसे आणि त्यापुढच्या प्रत्येक युनिटला 16 रुपये 64 पैसे.

नळाखाली ओळीने हंडे मांडलेत असं समजा. पहिला हंडा शंभर युनिटचा. तो भरला की पाणी दुसऱ्यात पडायला लागतं, पण पहिल्यातलं पाणी काही महाग होत नाही. 247 युनिटचा हिशेब असा:

पहिल्या हंड्यातले 100 युनिट, 4.71 ने 471 रुपये.
दुसऱ्यात पडलेले 147 युनिट, 10.29 ने 1512 रुपये 63 पैसे.
दोन्ही मिळून 'वीज आकार' 1983 रुपये 63 पैसे.

यानंतर 'वहन आकार'. दुधाच्या पिशवीची किंमत एक आणि ती सकाळी दारात आणून टाकण्याचे पैसे वेगळे, तसं हे. वीज तुमच्या घरापर्यंत आणून पोचवण्याची मजुरी. तिला पायऱ्या नाहीत, प्रत्येक युनिटला सारखाच 1 रुपया 17 पैसे. 247 युनिटचे 288 रुपये 99 पैसे.

मग 'इंधन समायोजन आकार'. लोक सर्वात जास्त चिडतात ते या ओळीवर, कारण ती दर महिन्याला वेगळी असते. खानावळीचं उदाहरण घ्या. मावशींनी वर्षाचा दर ठरवून दिला. मध्येच गॅस आणि डाळ महागली. दर तर बदलता येत नाही, म्हणून मावशी म्हणतात, "त्या महिन्यात जास्त खर्च आला, त्याचा फरक या महिन्यात घेते." वीज नियामक आयोग वर्षाचे दर ठरवतो तेव्हा कोळसा आणि बाहेरून घ्यायची वीज किती रुपयांना पडेल याचा अंदाज धरलेला असतो. प्रत्यक्ष खर्च त्याहून वर-खाली झाला की तो फरक काही महिन्यांनी या ओळीतून येतो. त्यामुळे मे महिन्याच्या बिलातली ही रक्कम मे महिन्याच्या महागाईची नसते, मागची उधारी असते. फरक उलटा असेल तर ती शून्य किंवा वजाही होऊ शकते. हिचा दर स्लॅबप्रमाणे वेगळा असतो आणि सारखा बदलतो, म्हणून इथे हिशेबापुरता धरून चालू: पहिल्या शंभरला 20 पैसे आणि पुढच्यांना 40 पैसे. म्हणजे 20 रुपये अधिक 58 रुपये 80 पैसे, एकूण 78 रुपये 80 पैसे.

आता बेरीज. स्थिर आकार 128, वीज आकार 1983.63, वहन आकार 288.99, इंधन समायोजन 78.80. झाले 2479 रुपये 42 पैसे. या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क, 396 रुपये 71 पैसे. एकूण 2876 रुपये 13 पैसे, पूर्णांक 2880.

लक्षात घ्या, वीज शुल्क फक्त विजेवर नाही, स्थिर आकारावर, पोचवण्याच्या मजुरीवर आणि इंधनाच्या फरकावरही लागतं. म्हणून छापील दर 4.71 असला तरी पहिल्या शंभरातलं एक युनिट घरात येईपर्यंत सात रुपयांना पडतं, आणि दुसऱ्या पायरीवरचं पावणेचौदा रुपयांना.

"101 वं युनिट पडलं की सगळ्यालाच जास्त दर लागतो ना?"

नाही. ही अफवा इतकी पक्की बसलेली आहे की आमच्या सोसायटीत एक आजोबा महिनाअखेरीस मीटर बघून पंखे बंद करायचे. 100 वर थांबलो तर वाचलो, 101 झाले तर मेलो, असा हिशेब. हंडे आठवा. 101 वं युनिट महाग आहे, पण ते एकटंच. त्यामुळे बिल वाढतं ते पावणेचौदा रुपयांनी, दुप्पट होत नाही.

खरा धडा वेगळाच आहे आणि तो आजोबांच्या अफवेपेक्षा जास्त कामाचा आहे. "माझं एक युनिट कितीला पडतं" असं विचारलं की लोक बिलाला युनिटने भागतात. 2876 भागिले 247, साधारण 11 रुपये 64 पैसे. पण एखादं उपकरण लावू की नको हे ठरवायला ही सरासरी उपयोगाची नाही. तिथे बघायचं, शेवटचं युनिट कुठल्या हंड्यात पडतं ते.

समजा एसीशिवाय घराचा वापर 120 युनिट आहे. म्हणजे पहिला हंडा फ्रिज, पंखे आणि गीझरनेच भरलेला आहे. आता एसी रोज रात्री पाच युनिट खायला लागला, महिन्याचे 150. हे सगळेच्या सगळे दुसऱ्या हंड्यात पडतात, पावणेचौदा रुपयांनी. म्हणजे एसीचे महिन्याला दोन हजारांवर पैसे, सरासरीने काढले असते तर साडेसतराशेच वाटले असते. आणि वापर 300 च्या पुढे गेला की प्रत्येक जादा युनिट अठरा रुपयांच्याही वर जातं. पाच तारांकित एसी घ्यायचा का, जुना फ्रिज काढायचा का, याचं गणित याच वरच्या दराने करायचं, कारण वाचणारं युनिट नेहमी सर्वात वरच्या हंड्यातलं असतं.

बिलात चूक असलीच तर कुठे असते?

इतक्या वर्षांत दर चुकीचा लावलेला, बेरीज चुकलेली असं बिल माझ्या पाहण्यात नाही. ते काम संगणक करतो. चूक शिरते ती त्याआधी: रीडिंगमध्ये, तारखांमध्ये, आणि मीटर नेमकं कुणाचं यात.

तारखांचं आधी सांगतो, कारण त्याचा स्लॅबशी थेट संबंध आहे. शंभर युनिटचा हंडा हा एका महिन्याचा आहे. रीडिंग दोन महिन्यांनी घेतलं गेलं तर पहिला हंडा दोनशेचा झाला पाहिजे, दुसरा त्याच प्रमाणात मोठा. हे नियमाने मिळायलाच हवं.

आमच्याकडेच एकदा असं झालं. मीटर खोलीची किल्ली वॉचमन गावी घेऊन गेला. रीडिंग घ्यायला आलेला माणूस परत गेला. त्या महिन्यात सगळ्यांना मागच्या वापराच्या सरासरीने बिलं आली. अशा वेळी बिलावर चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी रीडिंग मिळालं नाही किंवा मीटरला कुलूप आहे अशा अर्थाचा शेरा असतो, तो बघायची सवय लावा. पुढच्या महिन्यात खरं रीडिंग आलं आणि एका घरात दोन महिन्यांचे मिळून 337 युनिट निघाले. ते गृहस्थ माझ्याकडे बिल नाचवत आले.

आम्ही कागदावर मांडलं. हे 337 युनिट एका महिन्याचे धरले असते तर 100 पहिल्या पायरीवर, 200 दुसऱ्या आणि 37 तिसऱ्या. वीज आकार 3067 रुपये 35 पैसे. दोन महिन्यांचे धरले तर 200 पहिल्या पायरीवर, 137 दुसऱ्या, तिसरी पायरी लागतच नाही. वीज आकार 2351 रुपये 73 पैसे. फरक 715 रुपये 62 पैसे, आणि वीज शुल्क धरून 830. त्यांच्या बिलात दोन महिन्यांप्रमाणेच हिशेब होता, आणि आधी सरासरीने भरलेली रक्कम वजाही केलेली होती. रक्कम मोठी दिसत होती, कारण आदल्या महिन्याची सरासरी फार कमी धरली गेली होती. चूक नव्हती. पण तपासल्याशिवाय हे कळलं नसतं, आणि चूक असती तर 830 रुपयांची असती.

तुम्हाला हे तपासायला दोन मिनिटं लागतात. बिलावर चालू आणि मागील रीडिंगच्या तारखा असतात. त्यांच्यात तीस-एकतीस दिवसांचं अंतर आहे का बघा. साठच्या आसपास असेल तर पहिल्या पायरीवर 200 युनिट धरलेत का ते बघा. शिवाय मीटरचा फोटो दर महिन्याला ठराविक तारखेला काढून ठेवा. बिलावर बहुधा मीटरचा फोटो छापलेला असतो, तो स्पष्ट असला तर तुमच्या फोटोशी जुळवा. रीडिंग घेता आलं नसेल तर महावितरणच्या मोबाइल ॲपवरून फोटोसह स्वतः पाठवण्याची सोय आहे.

"पण मग भाचीचं मीटर थांबलं होतं का?"

जावईबापूंना तसंच वाटलं. मीटर बंद पडलंय, गप्प राहू, असाही एक सूर निघाला. पण समोरच्यांचं 2880 चं बिल हातात आल्यावर चित्र स्पष्ट होतं.

नव्या इमारतीत मीटर खोलीत वीस-पंचवीस मीटर एका फळीवर लागतात. प्रत्येक मीटरमधून निघालेली तार वर कुठल्या फ्लॅटला जाते ते वायरमनने जोडताना ठरतं. 302 ची तार 303 च्या मीटरला गेली की दोघांची बिलं कायमची अदलाबदल. दोघांचा वापर सारखाच असेल तर वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. एक घर बंद असेल तरच हे उघडं पडतं.

शोधायची रीत अगदी सोपी आहे. प्रत्येक मीटरवर एक छोटा लाल दिवा असतो. वीज वापरली जात असेल तर तो लुकलुकतो. मीटरवर 3200 imp/kWh असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. मी खाली मीटर खोलीत थांबलो, भाची वर होती, दोघांच्या कानाला फोन. तिच्या नावाच्या मीटरचा दिवा मुळात लुकलुकतच नव्हता. समोरच्यांचा जोरात चालू होता. मी म्हणालो, "आता मेन स्विच खाली कर." समोरच्यांचा दिवा थांबला. "आता चालू कर आणि फक्त इस्त्री लाव." पुन्हा सुरू. हजार वॉटची इस्त्री तापत असताना 3200 च्या मीटरचा दिवा मिनिटाला साधारण 53 वेळा लुकलुकायला हवा. मी 53 मोजले, एखादा सुटला असेल. म्हणजे मीटरही बरोबर मोजत होतं. फक्त ते दुसऱ्याच्या नावावर होतं.

हाच प्रयोग प्रत्येक नव्या घरमालकाने ताबा घेतल्या दिवशी करावा असं माझं मत आहे. बिलावरचा मीटर क्रमांक आणि मीटरवर कोरलेला क्रमांक जुळतो का पाहायचं, मग मेन स्विच खाली करायचा आणि आपलाच दिवा थांबतो का ते बघायचं. मेन स्विच खाली करूनही तो लुकलुकत राहिला तर मीटरपासून तुमच्या घरापर्यंतच्या तारेत कुठेतरी वीज झिरपते आहे किंवा दुसरं कुणी त्यावर जोडलेलं आहे. जिन्यातले दिवे एखाद्याच्या मीटरवर निघाल्याचं मी पाहिलेलं आहे. मीटरला आणि त्याच्या सीलला मात्र हात लावायचा नाही. सील तुटलेलं दिसलं तर चोरीचा संशय तुमच्यावर येतो. लेखी अर्ज करायचा आणि त्यांच्या माणसासमोर दुरुस्ती करून घ्यायची.

स्मार्ट मीटर लागल्यावर बिल वाढलं, अशी तक्रार हल्ली खूप ऐकू येते. तिथेही हाच प्रयोग चालतो. युनिट मोजायचं तत्त्व जुन्या इलेक्ट्रॉनिक मीटरसारखंच आहे, तेव्हा वाद घालण्याआधी इस्त्री लावून दिवा मोजा. जुनं मीटर काढताना त्याचं शेवटचं रीडिंग आणि नव्याचं पहिलं रीडिंग यांचा फोटो नसेल तर मात्र पुढे वाद सोडवणं अवघड जातं. बदलायला आले की आधी तो फोटो काढा.

"मे महिन्यात दुसरं बिल कसलं आलं?"

नव्या घरमालकाला हे हमखास फसवणूक वाटतं. नेहमीच्या बिलाशिवाय 'अतिरिक्त सुरक्षा ठेव' म्हणून वेगळं बिल येतं. आपण वीज आधी वापरतो आणि पैसे नंतर देतो, म्हणून घरभाड्याच्या डिपॉझिटसारखी ठेव ठेवावी लागते. वीज नियामक आयोगाच्या 2021 च्या विनियमांनुसार महिन्याला बिल येणाऱ्यांसाठी ती सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी असावी लागते. तुमच्या मीटरवरची ठेव घर बंद असताना ठरलेली असते. राहायला गेलात, वापर वाढला की सरासरी वाढते आणि फरक मागितला जातो. ही रक्कम खर्च नाही, तुमच्या नावावर जमा राहते, तिच्यावर दरवर्षी व्याज मिळतं आणि ते बिलातूनच वळतं होतं. जुनं घर घेतलं असेल तर बिलावर नाव बदलून घेताना ठेव कुणाच्या नावावर गेली हे विचारायला विसरू नका.

बिलाच्या तळाशी तीन रकमा असतात. लवकरच्या तारखेआधी भरली तर एक टक्का सूट, देय तारखेपर्यंत पूर्ण रक्कम, आणि त्यानंतर सव्वा टक्का विलंब आकार. आणि "आज रात्री वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा" असा मेसेज एखाद्या खाजगी मोबाइलवरून आला तर तो बिलाशी संबंधित नाही, चोराशी आहे. शंका आली तर 1912 वर विचारा. तक्रार ऐकली गेली नाही तर वर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्याच्याही वर विद्युत लोकपाल.

भाचीच्या प्रकरणात मंचापर्यंत जायची वेळ आली नाही. दोन्ही घरमालकांच्या सह्यांचा अर्ज गेला आणि काही दिवसांनी तारा योग्य मीटरला लागल्या. त्याआधीच तिने समोरच्यांना त्यांच्या 2880 मधून त्यांचे स्वतःचे 150 वजा करून 2730 रुपये पाठवले होते. त्यांनी उलट विचारलं की मागच्या रीडिंगच्या आधीचे ते 31 युनिट कुणाचे? तेही तिचेच निघाले, मार्चमध्ये सुताराने फर्निचरचं काम केलं होतं तेव्हाचे.